फोनवरचा पहिला ‘नको’

सकाळचे साडेअकरा. भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपचा मालक लेथवर वाकलेला आहे. हाताला कूलंट लागलंय आणि खिशातला फोन वाजतोय. दोन बोटांनी तो फोन बाहेर काढतो. नंबर अनोळखी. तरी उचलतो, कारण एखाद्या पार्टीचा असू शकतो. ‘हॅलो’ म्हणतो आणि पुढच्या पंधरा सेकंदांत स्वतःशी तीन गोष्टी ठरवून टाकतो: हा कोण, याचं माझ्याकडे काय काम, आणि यातून लवकर कसं सुटायचं. पलीकडून विक्रीचा फोन करणाऱ्याचं नशीब बहुतेक वेळा तिथेच ठरतं. पुढची माहिती, दर, सवलत वगैरे ऐकायला तो थांबला तर!

टेलिकॉलिंग म्हटलं की डोळ्यांसमोर काचेच्या इमारतीतलं कॉल सेंटर येतं. आपल्याकडचं बरंचसं टेलिकॉलिंग मात्र तिथे होत नाही. दोन टेबलांच्या ऑफिसात एखादी मुलगी समोर एक्सेलची यादी, हातात मोबाइल आणि शेजारी वही घेऊन बसते. क्लासच्या प्रवेशांसाठी, पेस्ट कंट्रोलसाठी, सोलर पॅनेलसाठी, विम्यासाठी. अशा मुलामुलींना फोनवर बोलायला शिकवायचं काम मी करतो. या लेखासाठी त्यातलं एकच उदाहरण धरतो, कॉम्प्रेसरच्या सर्व्हिसिंगचं. कारखान्यात हवेवर चालणारी जेवढी हत्यारं असतात, त्यांना दाबाची हवा पुरवणारं हे मशीन. ते दुरुस्त करणारं एक लहान वर्कशॉप आणि तिथून फोन करणारी मुलगी. तिला आपण स्नेहल म्हणू.

पंधरा सेकंदांतला पहिला सेकंद आधी पाहू, कारण बरेच फोन तिथेच मरतात. फोनवर पहिला शब्द बोलायचा मान ज्याला फोन आलाय त्याचा असतो. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ साली टेलिफोनवरच्या संभाषणांच्या सुरुवाती तपासून एक शोधनिबंध लिहिला. त्याच्याकडे सुमारे पाचशे फोनची ध्वनिमुद्रणं होती आणि त्यांतल्या एकाच फोनमध्ये हा क्रम उलटला होता. उचलणाऱ्याने रिसीव्हर उचलला, पण तो बोललाच नाही. एक सेकंद शांततेत गेला आणि फोन करणाऱ्यालाच ‘हॅलो’ म्हणावं लागलं. शेग्लॉफने त्या एका फोनवर बराच विचार केला आणि त्याच्या लक्षात आलं, की घंटी ही हाक असते आणि ‘हॅलो’ ही तिला दिलेली ‘ओ’. ‘ओ’ दिली, की हाक मारणाऱ्याने लगेच बोलायचं असतं. नाहीतर हाक मारलीच कशाला?

आता मोठ्या कॉल सेंटरचा डायलर काय करतो ते बघा. हे सॉफ्टवेअर एकाच वेळी अनेक नंबर फिरवतं आणि जो उचलेल त्याला मोकळ्या असलेल्या माणसाशी जोडून देतं. या जोडण्यात सेकंद-दोन सेकंद जातात. एरवीच्या गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी पाव सेकंदही लागत नाही. वेगवेगळ्या खंडांतल्या दहा भाषांचा अभ्यास करून संशोधकांनी २००९ मध्ये हे दाखवून दिलं. त्या मानाने दोन सेकंदांची शांतता फार मोठी. माणूस पुन्हा ‘हॅलो, हॅलो’ करतो, मागून दहा जणांचा गलका ऐकू येतो, आणि स्नेहलसारखी कुणी तोंड उघडायच्या आत त्याला कळून चुकलेलं असतं.

लहान ऑफिसात डायलर नसतो, पण शांतता असतेच. घंटी वाजत असताना मुलगी यादीतलं पुढचं नाव वाचत असते, नाहीतर शेजारणीशी बोलत असते. समोरून ‘हॅलो’ आलं, की ती दचकते आणि ‘अं… हॅलो सर’ करते. म्हणून माझा पहिला नियम अगदी साधा आहे. नाव, आडनाव आणि फोन कशासाठी करतोय हे डोळ्यांसमोर असल्याशिवाय नंबर फिरवायचा नाही, आणि एकदा फिरवला की दुसरीकडे बघायचं नाही.

स्नेहल पहिल्या दिवशी जे बोलली असती, तसं बोलणारे शेकड्याने सापडतात:

‘हॅलो सर, गुड मॉर्निंग सर, मी अमुक अमुक सर्व्हिसेसमधून स्नेहल बोलतेय, कसे आहात सर? सर, आमची कंपनी गेली बारा वर्षं कॉम्प्रेसर सर्व्हिसिंग, एएमसी, स्पेअर पार्ट्स या क्षेत्रात आहे, तर सर आपल्याशी दोन मिनिटं बोलू शकते का?’

यात उद्धट काहीच नाही. उलट पाच वेळा ‘सर’ आहे. तरीही लेथवरचा माणूस दोन जागी निसटू शकतो. पहिली जागा ‘कसे आहात’. ओळखीच्या माणसाने हे विचारलं तर आपण ‘मजेत, तुम्ही कसे?’ म्हणतो. अनोळखी माणसाने विचारलं, की आधी शंका येते: याला माझ्याकडून काय हवंय? ब्रिटनमधल्या एलिझाबेथ स्टोको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विक्रीच्या खऱ्या फोनची ध्वनिमुद्रणं बारकाईने तपासली, त्यात हेच दिसलं. असल्या हालहवालीला उत्तर कोरडं येतं आणि उलट चौकशी बहुधा होतच नाही. जवळीक साधायला टाकलेला प्रश्न अंतर वाढवून जातो. आपल्याकडे तर गेल्या काही वर्षांत बँकेच्या, कुरिअरच्या, पोलिसांच्या नावाने लुबाडणारे फोन इतके झालेत, की फार गोड आवाज ऐकला तरी लोक सावध होतात.

दुसरी जागा ‘दोन मिनिटं बोलू शकते का’. कशाबद्दल बोलायचं हे अजून नीट कळलेलं नाही, आणि त्याआधीच वेळ मागितला जातोय. हाताला कूलंट लागलेल्या माणसाने ‘नाही’ म्हटलं, तर त्याचं काय चुकलं? बारा वर्षांचा अनुभव हा कंपनीच्या अभिमानाचा विषय. त्याच्या दिवसाशी त्याचा काही संबंध नाही. अख्ख्या वाक्यात त्याच्याबद्दल, त्याच्या मशीनबद्दल एक शब्द नाही. हेच वाक्य यादीतल्या कुणालाही जसंच्या तसं ऐकवता येईल आणि ऐकणाऱ्याला ते कळतं.

मग काय बोलावं? घाई न करता बोललं तर पंधरा सेकंदांत पस्तीस-चाळीस शब्द बसतात. घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघा. एवढ्या जागेत कोण बोलतंय, कशासाठी बोलतंय, आणि ऐकणाऱ्याला सहज उत्तर देता येईल असा एक प्रश्न, इतकंच मावतं. स्नेहलने आधी वर्कशॉपची जुनी बिलं काढली. ज्यांनी कधी काळी बिघाड झाला म्हणून बोलावलं आणि नंतर पुन्हा संपर्क केला नाही, अशांची यादी केली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिने फोन लावायला घेतले:

‘नमस्कार साहेब, भोसरीतून स्नेहल बोलतेय, कॉम्प्रेसरच्या सर्व्हिसचं वर्कशॉप आहे आमचं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तुमचं मशीन गरम होऊन बंद पडलं होतं, तेव्हा आमचा माणूस आला होता. आता उन्हाळा आलाय म्हणून फोन केला. त्यानंतर कूलर साफ झालाय का?’

यातला मे महिना फार महत्त्वाचा. स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये हवा दाबली जाताना तापते आणि ती उष्णता तेल वाहून नेतं. ते तेल पुढे गाडीच्या रेडिएटरसारख्या कूलरमध्ये थंड होतं. कारखान्यातली धूळ आणि हवेतला तेलकटपणा कूलरच्या पात्यांवर चिकटत राहतो. हिवाळ्यात त्याने काही अडत नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेरचीच हवा चाळिशीला टेकली, की तेल पुरेसं थंड होत नाही. आतलं तापमान साधारण १०५ ते ११० अंशांच्या आसपास गेलं, की मशीन स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून बंद होतं. त्याबरोबर हवेवर चालणारी सगळी हत्यारं बंद, माणसं हातावर हात ठेवून बसलेली आणि पार्टीचा माल अडकलेला. हा दिवस मालक विसरलेला नसतो. स्नेहलने त्याला त्याच्याच आठवणीतला दिवस सांगितला. ‘आम्ही बारा वर्षं या क्षेत्रात आहोत’ हे सांगण्यापेक्षा यातून तिच्या वर्कशॉपबद्दल जास्त कळतं, कारण ज्याच्याकडे जुनी नोंद आहे, तो खराच येऊन गेलेला असणार.

शेवटचा प्रश्नही बघा. ‘सर्व्हिसिंग करून घ्यायचंय का?’ असं ती विचारत नाही. त्याचं उत्तर द्यायचं तर पैशाचा विचार करावा लागतो आणि पैशाचा विचार अनोळखी फोनवर कुणी करत नाही. कूलर साफ झालाय की नाही, हे त्याला माहीत असतं किंवा माहीत नसल्याचं माहीत असतं. दोन्हींचं उत्तर एका शब्दात देता येतं.

जुनं बिल नसेल तर? तर कारण ऋतूतून किंवा धंद्यातून शोधावं लागतं आणि ते खरंच असावं लागतं. ‘परवा आपलं बोलणं झालं होतं ना’, ‘तुमच्या मॅनेजरसाहेबांनी फोन करायला सांगितला’ अशा लोणकढ्या काही ऑफिसांत सर्रास शिकवतात. एखादा फसतो, पण बहुतेकांना पाचव्या सेकंदाला कळतं, आणि मग त्या वर्कशॉपचं नाव कायमचं खोटारड्यांच्या खात्यात जमा होतं. ओळखच नसेल, तर सरळ ‘साहेब, विक्रीचाच फोन आहे, कारण एका वाक्यात सांगते, मग ठेवायचा तर ठेवा’ असं म्हणावं, असं सांगणारे काही प्रशिक्षक आहेत. मला ते अर्धंच पटतं. मनापासून म्हटलं तर समोरचा हसतो आणि ऐकतो. पाठ केलेलं म्हटलं, तर तो आगाऊपणा वाटतो. पहिल्या आठवड्यातल्या मुलीच्या तोंडी मी ते देत नाही.

हाक कशी मारावी, यावर आमच्याकडे बराच खल होतो. भोसरीतल्या मालकाला ‘साहेब’ चालतं, आयटीतल्या माणसाला ‘सर’ बरं वाटतं. बाईंना ‘मॅडम’ म्हणावं. ‘ताई’ गावाकडे गोड लागतं, पण ऑफिसातल्या अधिकाऱ्याला अनोळखी आवाजाने ‘ताई’ म्हटलेलं खपत नाही. आडनावाला ‘साहेब’ जोडून विचारावं. वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव वाचून ‘बोलताय का?’ असं विचारलं, की हप्ता थकल्याचाच फोन वाटतो. सुरुवात मराठीत करावी आणि पलीकडून ‘हां, बोलिए’ आलं, तर त्याच दमात हिंदीत जावं.

आवाजाबद्दल एकच सांगतो. आपलं नाव आणि जागा आपण इतक्या वेळा उच्चारलेली असते, की ती गिळली जाते. ऐकणाऱ्याला ती पहिल्यांदाच ऐकू येत असते. ‘भोसरीतून… स्नेहल… बोलतेय’ एवढं सावकाश म्हटलं, तर ‘कोण? कुठून?’ हा प्रश्न टळतो आणि तीन सेकंद वाचतात.

एवढं सगळं करूनही समोरून येतं ते हे: ‘नको, नको. सगळं चालू आहे आमचं.’

बऱ्याचदा हे स्नेहलचं वाक्य पुरं व्हायच्या आत येतं. नवखी मुलगी इथे दोनपैकी एक करते. ‘सॉरी सर’ म्हणून फोन ठेवते, नाहीतर ‘सर, पण एकदा ऐकून तर घ्या, आमचे चार्जेस बघा’ म्हणून चिकटते. मला दोन्ही पटत नाहीत. का, ते समजायला हा ‘नको’ नीट बघायला हवा.

ओळखीच्या माणसांत नकार कधी झटकन येत नाही. लग्नाला याल का, असं विचारलं आणि जमत नसलं, तर आपण ‘अं… बघतो… त्या दिवशी नेमकं…’ करत करत कारण पुढे करतो. होकार तेवढा पटकन देतो. संभाषणाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे खूप आधी नोंदवलंय. विक्रीच्या फोनवर नेमकं उलटं घडतं. नकार तात्काळ येतो आणि बिनकारणाचा येतो. असा नकार कॉम्प्रेसरला नसतो, कारण कॉम्प्रेसरचा विचार अजून त्याच्या मनात आलेलाच नसतो. तो व्यत्ययाला असतो. म्हणून त्याचा राग मानायचं कारण नाही आणि तो अंतिम समजायचंही कारण नाही. एक प्रयत्न करायला जागा असते. मात्र एकच, आणि तोही त्याचं म्हणणं आधी मान्य करून:

‘बरं साहेब, चालू आहे तर उत्तमच. कूलर तेवढा गेल्या उन्हाळ्यानंतर साफ झालेला असला, तर मी पुन्हा त्रास देत नाही.’

आणि यानंतर गप्प बसायचं. ही शांतता फोन करणाऱ्याला फार जड जाते. नव्या मुली ती सहन न होऊन पुन्हा बोलायला लागतात आणि कमावलेलं घालवतात. दोन सेकंद थांबलं, की पलीकडून बहुतेक दोनपैकी एक उत्तर येतं. ‘झालाय हो’ आलं, तर ‘मग झालंच साहेब, धन्यवाद’ म्हणून लगेच फोन ठेवायचा. ‘कूलर… नाही बहुतेक, पोराला विचारायला लागेल’ असं आलं, तर संभाषण सुरू झालं. आता तो व्यत्ययाबद्दल बोलत नाहीये, मशीनबद्दल बोलतोय.

हे वाक्य चालतं, कारण त्यात सुटायची वाट ठेवलेली आहे. त्याने ‘झालाय’ म्हटलं, की खरंच सुटका होते. ‘झालाय’ म्हटल्यावर ‘मग सर फिल्टर?’ असं विचारलं, की तीच वाट सापळा होते आणि पुढच्या वेळी तो नंबर बघूनच कापतो. दुसऱ्यांदा ‘नको’ आलं, तर मग तो नकारच. आवाज कितीही मवाळ असो, तिसरा प्रयत्न करायचा नाही.

‘नको’ नेहमी ‘नको’ या शब्दात येत नाही. मराठी माणूस तोंडावर नाही म्हणायला कचरतो, त्यामुळे त्याचे नकार आडवळणाने येतात. ‘मीटिंगमध्ये आहे’ हा त्यातला सोपा. यावर ‘मग कधी करू?’ असं विचारलं, की ‘मीच करतो’ हे ठरलेलं उत्तर येतं, आणि तो कधीच करत नाही. त्याऐवजी ‘बरं साहेब. मंगळवारी अकरानंतर एकदा करू, की नकोच करू?’ असं विचारावं. त्याला नकाराचा शब्द तुम्हीच पुढे करता, म्हणून तो वापरताना त्याला संकोच वाटत नाही. आणि ‘करा मंगळवारी’ म्हणाला, तर ते बऱ्यापैकी खरं असतं.

सगळ्यात फसवा नकार म्हणजे ‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्या, बघतो’. नवीन मुली याची ‘इंटरेस्टेड’ म्हणून नोंद करतात आणि महिन्याअखेरीला मालक विचारतो, एवढे इंटरेस्टेड आणि काम एकही नाही कसं? इथे एक बारकी परीक्षा घेता येते. ‘पाठवते साहेब. मशीन स्क्रू आहे की पिस्टनचं, तेवढं सांगा, म्हणजे त्याचंच पाठवते.’ ज्याला खरंच बघायचंय, तो ‘स्क्रू आहे, वीस एचपी’ असं सांगतो. ज्याला फक्त फोन ठेवायचाय, तो म्हणतो, ‘अहो पाठवा काहीही.’ त्याला एक ओळीचा मेसेज पाठवावा, त्यात वर्कशॉपचं नाव आणि नंबर असावा, आणि पुन्हा फोन करू नये. पानभर माहितीपत्रक, तीन फोटो आणि ‘सर पाहिलंत का?’ हा दुसऱ्या दिवशीचा मेसेज नकोच.

‘आमचा माणूस आहे, तोच बघतो’ हा मात्र पक्का नकार, आणि बहुतेक वेळा खराही. त्या माणसाची चूक काढायला जाऊ नये. लहान एमआयडीसीत तो माणूस मालकाचा वर्गमित्र असू शकतो किंवा मेव्हणा. ‘चांगलं आहे साहेब, घरचा माणूस असला की बरं. कधी तो बाहेरगावी असला आणि मशीन अडलं, तर आमचा नंबर असू द्या.’ एवढं बोलून थांबावं. मे महिन्यात भर दुपारी मशीन बंद पडतं आणि घरचा माणूस फोन उचलत नाही, हे घडतं. तेव्हा मालकाला जो नंबर आठवतो, तो मार्चमध्ये न चिकटलेल्याचा असतो.

‘माझा नंबर कुठून मिळाला?’ या प्रश्नाला खरं, तात्काळ आणि नेमकं उत्तर द्यावं. ‘आमच्या जुन्या बिलावर आहे साहेब, नको असेल तर काढून टाकते.’ ‘डेटाबेसमधून’ हे उत्तर म्हणजे आगीत तेल. आणि कुणी ओरडलंच, तर ‘चुकीच्या वेळी फोन आला साहेब, यादीतून नाव काढते’ एवढं बोलून ठेवून द्यावा. चिडलेल्या माणसाशी वाद घालून आजवर कुणाला काम मिळालेलं नाही.

फोन ठेवल्यानंतरची वीस सेकंद कुणी शिकवत नाही, पण पुढच्या माणसाचा अनुभव तिथेच ठरतो. स्नेहलच्या वहीत नावापुढे तारीख आणि मिळालेलं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहिलेलं असतं: ‘घरचा माणूस आहे’, ‘मंगळवार ११ नंतर’, ‘काढून टाक’. नुसतं ‘नॉट इंटरेस्टेड’ लिहिलं, की पुढच्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरची मुलगी त्याच माणसाला फोन करते, आणि लोक खरे भडकतात ते अशा दुसऱ्या फोनवर. ‘काढून टाक’ असं लिहिलेलं नाव एक्सेलमध्येही त्याच दिवशी लाल झालं पाहिजे. दुसरं कारण आवाजाचं. एका ओरडणाऱ्याचा पडसाद पुढच्या तीन फोनमध्ये उमटतो, आणि त्या तिघांनी तर काहीच केलेलं नसतं. दोन ओळी लिहीपर्यंत आवाज ताळ्यावर येतो. नाहीच आला, तर पाणी प्यावं, पुढचा नंबर पळून जात नाही.

मी महिन्यातून एकदा प्रत्येकीचे काही फोन ऐकतो आणि फक्त एकच बघतो: माणूस कुठे तुटला? पहिल्या पाच सेकंदांत तुटत असतील, तर दोष शांततेत, घाईत किंवा गिळलेल्या नावात असतो. कारण सांगून झाल्यावर तुटत असतील, तर कारण पोकळ आहे किंवा यादीच चुकीची आहे. ज्यांच्याकडे कॉम्प्रेसरच नाही, त्यांना कुठल्याही सुरुवातीने काही विकता येणार नाही. फोन छान होतात, ‘पाठवा, बघतो’ भरपूर येतात आणि काम येत नाही, असं दिसलं, तर मुलगी नकार ऐकायला घाबरतेय आणि आडवळणाचा नकार होकार म्हणून लिहितेय. हा तिसरा दोष सगळ्यात महाग पडतो, कारण तो आकड्यांत चांगला दिसतो.

कायद्याची चौकटही इथेच सांगायला हवी, कारण बऱ्याच लहान ऑफिसांना ती माहीत नसते. दूरसंचार नियामक, म्हणजे ट्राय, याच्या २०१८ च्या नियमांनुसार जाहिरातीचे फोन नोंदणी करून आणि त्यासाठी ठरलेल्या १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून व्हायला हवेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून यादी घेऊन नको असलेले विक्रीचे फोन करत सुटणं या नियमांत बसत नाही. २०२५ च्या दुरुस्तीनंतर ग्राहकाला तक्रार करायला सात दिवस मिळतात, आणि दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या, तरी फोन करणाऱ्यावर कारवाई सुरू होऊ शकते. दोष ठरला, तर पहिल्या वेळी त्याच्या सगळ्या नंबरांवरून बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद होतात. पुन्हा तेच झालं, तर जोडण्याच वर्षभरासाठी तोडल्या जातात. वर्कशॉपचा नंबर पंधरा दिवस बंद म्हणजे काय, हे ज्याच्या दारावरच्या पाटीवर तोच नंबर रंगवलेला आहे, त्याला विचारा. म्हणून मी लहान धंदेवाल्यांना सांगतो: विकत घेतलेल्या याद्या नकोत. जुनी बिलं आणि ज्यांनी स्वतःहून चौकशी केली अशी माणसं, एवढीच यादी धरा. आणि त्यातही ‘नको’ म्हणणाऱ्याला सोडा.

फोन घेणाऱ्यांसाठीही दोन गोष्टी आहेत. कुठलेच जाहिरातीचे फोन नको असतील, तर 1909 वर START 0 असा एसएमएस पाठवून ते बंद करता येतात. हवे ते विषय चालू ठेवायची सोयही आहे. तुमच्याच बँकेचे खात्याबद्दलचे फोन मात्र त्याने थांबत नाहीत. तरीही कुणाचा विक्रीचा फोन आला, तर तोच 1909 तक्रारीलाही चालतो. दुसरी गोष्ट: फोन नको असेल, तर ‘पाठवा, बघतो’ म्हणू नका. भिडेखातर तसं म्हणणाऱ्याचं नाव पलीकडच्या वहीत ‘पुन्हा फोन करणे’ या रकान्यात जातं आणि गुरुवारी पुन्हा घंटी वाजते. ‘नको, नाव काढून टाका’ असं स्पष्ट सांगायला तीन सेकंद लागतात, आणि त्याचा राग स्नेहलला येत नाही. तिला पुढचा नंबर लावता येतो.